सीसी लिमिटच्या कामासाठी आकडे पाठवण्यापूर्वी

‘बँक उलाढालीच्या २० टक्के देतेच, मग येणी-देण्यांच्या याद्या कशाला?’ असं अनेक कारखानदार विचारतात. लहान उद्योगांना त्या हिशेबाने लिमिट मंजूर होतं, हे खरं. पण उचल मिळते ती दरमहाच्या स्टॉक स्टेटमेंटवर, आणि ९० दिवसांपलीकडची येणी बहुतेक बँका त्यात धरत नाहीत. म्हणून पैसा नेमका कुठे अडकलाय ते आम्ही आधी पाहतो.

आमचा सर्वांत जास्त वेळ जातो तो जीएसटीमुळे. टॅलीतली येणी-देणी जीएसटीसकट असतात, विक्री-खरेदी मात्र जीएसटीशिवाय. एकाला दुसऱ्याने भागलं की दिवस फुगतात.

समजा, सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याची वर्षाची विक्री ३.६० कोटी, म्हणजे (वर्ष ३६० दिवसांचं धरून) रोजची १ लाख. टॅलीत येणी ८८.५० लाख दिसतात, म्हणून मालक ८८ दिवस सांगतो. १८ टक्के जीएसटी काढला की उरतात ७५ लाख, म्हणजे ७५ दिवस. कच्च्या मालाची खरेदी रोज ६० हजारांची आणि देणी जीएसटी वजा करून २७ लाख, म्हणजे ४५ दिवस. कच्चा माल १८ लाखांचा, तो ३० दिवसांचा. अर्धवट आणि तयार माल मिळून ८ लाखांचा. रोजच्या ८० हजार उत्पादनखर्चाने भागला की १० दिवस. ३० अधिक १० अधिक ७५, वजा ४५: पैसा फिरून यायला ७० दिवस.

इथे ७० ला रोजच्या विक्रीने गुणून ७० लाख म्हणू नका. येण्यांचा एक दिवस १ लाखाचा आहे, देण्यांचा फक्त ६० हजारांचा. गरज काढायची ती रुपयांतच: १८ अधिक ८ अधिक ७५, वजा २७, म्हणजे ७४ लाख. शिवाय गिऱ्हाईक पैसे देण्याआधीच पुढच्या महिन्याच्या २० तारखेला जीएसटी भरावा लागतो. ती रक्कम आम्ही वेगळी दाखवतो, दिवसांत मिसळत नाही.

यातून एक गोष्ट कळते. वसुली दहा दिवस अलीकडे आली तर १० लाख सुटतात. पुरवठादाराला दहा दिवस थांबवलं तर ६ लाखच. आणि तो उद्यम नोंदणी असलेला सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असेल, तर लेखी करार असला तरी ४५ दिवसांपलीकडे त्याला थांबवता येत नाही. उशीर झाल्यास व्याज लागतं, आयकरातली वजावटही पैसे देईपर्यंत लांबते.

तेव्हा फक्त ३१ मार्चचे आकडे नकोत, त्या दिवशी स्टॉक आणि येणी दोन्ही नेहमीसारखी नसतात. चारही तिमाहींच्या अखेरच्या बिलवार याद्या पाठवा. त्या काढायला जमत नसेल तर टॅलीचा बॅकअप द्या, आम्ही काढून घेऊ. ज्यांचे जीएसटी रिटर्न आमच्याकडे आहेत, त्यांना याचे वेगळे पैसे नाहीत.