२०२६ वेळा फिरवा, उत्तर चार पायऱ्यांत

परवा ठाण्याहून वाशीच्या ट्रेनमध्ये बसलो होतो, सोबत अकरावीतला भाचा आणि त्याच्या क्लासची शीट. त्यात एक प्रश्न: f(x) = (x−1)/(x+1), तर २ पासून सुरुवात करून हे फंक्शन २०२६ वेळा लावलं तर काय येईल? तो म्हणाला, मामा हे कोण करत बसणार. मी म्हटलं चारच वेळा कर, मग बघू.

ऐरोली यायच्या आत झालं. २ टाकला की १/३, तो परत टाकला की −१/२, मग −३, आणि मग परत २! २०२६ ला ४ ने भागलं तर बाकी २, म्हणून उत्तर −१/२. क्लासच्या दृष्टीने विषय संपला, पण पोराने बरोबर विचारलं, की असं गोल का फिरतं?

आधी फिक्स्ड पॉइंट बघू, म्हणजे असा x जो फंक्शनमध्ये टाकला तरी तोच बाहेर येतो. उदाहरण म्हणून 1 + 1/x घ्या. कॅल्क्युलेटरवर कुठलाही पॉझिटिव्ह आकडा टाकून तेच तेच करत राहिलात तर आकडा १.६१८ च्या आसपास येऊन बसतो, कारण x = 1 + 1/x या समीकरणाचं तेच उत्तर आहे (दुसरं −०.६१८, पण ते आकड्यांना लांब ढकलतं). आता आपल्या फंक्शनला तोच प्रश्न विचारा: x(x+1) = x−1, म्हणजे x² = −1. कुठल्याच खऱ्या संख्येचा वर्ग −१ नसतो, म्हणजे इथे बसायला जागाच नाही, त्यामुळे आकडा फिरतच राहणार. आता फिरणं म्हणजे नक्की काय, तर खरी गंमत इथेच आहे.

x ला नुसता आकडा समजू नका, रेषेचा चढ समजा. वहीवर पेन ठेवा, त्याचा चढ २, आणि ते घड्याळाच्या काट्याच्या दिशेने ४५° फिरवा. नवा चढ बरोबर (x−1)/(x+1) येतो, हे tan च्या वजाबाकीच्या सूत्रातूनच निघतं. दोनदा फिरवलं की ९०°, आणि f(f(x)) सोडवून बघा, −1/x येतं, म्हणजे शाळेतलं ते "लंब रेषांच्या चढांचा गुणाकार −१". चारदा फिरवलं की १८०°, आणि टोकं उलटी झाली तरी रेषा तीच, म्हणून चढही तोच. फिक्स्ड पॉइंट का नाही तेही कळलं, ४५° फिरवूनही जागची न हललेली रेषा कुठून आणणार?

भाच्याने लगेच −१ टाकून बघितला आणि कॅल्क्युलेटरने एरर दिला, कारण छेद शून्य. पण पेनला काही एरर येत नाही, ते फक्त उभं राहतं. उभ्या रेषेचा चढ अनंत धरला तर १ → ० → −१ → ∞ → १ असं हेही चारातच घरी येतं.

मग फिक्स्ड पॉइंट नसला की चक्र येणारच का? नाही, आणि इथे मीही कॉलेजात फसलो होतो. (2x−1)/(x+2) बघा, इथेही x² = −1 च येतं, पण पेन दर वेळी साधारण २६.५७° फिरतं. ० पासून सुरू केलं तर सात पायऱ्यांत जवळजवळ १८६° होतात, आकडा येतो −०.१०४, म्हणजे थोडं पुढे गेलं. ६१ व्या पायरीला तर साधारण −०.००८ येतो, एकच दशांश बघणारा माणूस म्हणेल आलं की परत. आलेलं नाही, आणि कधीच येणार नाही.

हे तपासायला कॅल्क्युलेटर बाजूला ठेवा आणि अपूर्णांक न काटता लिहा: ०/१, −१/२, −४/३, −११/२. p/q चा पुढचा अपूर्णांक (2p−q)/(p+2q). याच्यात थोडी झटापट केली की एक नियम मिळतो, पुढचा अंश = ४ × आत्ताचा अंश − ५ × आधीचा अंश. तपासा: ४ × (−४) − ५ × (−१) = −११, बरोबर. आता आत्ताच्या अंशाला ५ ने भाग जात नसेल तर पुढच्यालाही जाणार नाही, कारण ५ × काहीतरी वजा केल्याने भाग जाण्यात फरक पडत नाही. पहिल्या पायरीचा अंश −१, त्याला भाग जात नाही, म्हणून कुठल्याच पुढच्या अंशाला जात नाही, आणि शून्याला तर ५ ने भाग जातो. म्हणजे अंश परत शून्य होणं शक्यच नाही.