अप्रत्यक्ष पत्ता व ॲरे : पीएलसीत अनेक सारख्या टाक्यांसाठी एकच प्रोग्राम

पीएलसी म्हणजे कारखान्यातली यंत्रे चालवणारा कंट्रोलर. त्याच्या प्रोग्राममध्ये मेमरीतल्या जागेचा क्रमांक थेट न लिहिता तो दुसऱ्या एखाद्या चलात ठेवायचा आणि त्या चलामार्फत जागेपर्यंत पोहोचायचे, या पद्धतीला अप्रत्यक्ष पत्ता म्हणतात. एकाच प्रकारच्या माहितीचे ओळीने लावलेले, क्रमांकाने ओळखले जाणारे कप्पे म्हणजे ॲरे. चाळीत पोस्टमन प्रत्येक बिऱ्हाड वेगळे लक्षात ठेवत नाही. चाळ कुठे आहे आणि खोली कितवी, एवढे त्याला पुरते. सारख्या टाक्या, सारखे पंप किंवा सारखे रिॲक्टर असतील तिथे तर्क एकदाच लिहून तो प्रत्येकावर फिरवण्यासाठी या दोन्हींचा उपयोग होतो.

ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात, म्हणजे रबाळे, महापे, पावणे, तुर्भे या भागात, रसायनांचे कारखाने बरेच आहेत आणि त्यांच्या आवारात सॉल्व्हंटच्या टाक्यांच्या रांगा दिसतात. अशी एक १८ टाक्यांची रांग उदाहरणासाठी घेऊ. टाक्यांवर T-101 ते T-118 असे क्रमांक रंगवलेले आहेत आणि प्रत्येकीची मापनउंची ३.२ मीटर आहे. प्रत्येकीला एक लेव्हल ट्रान्समीटर, एक इनलेट व्हॉल्व्ह आणि एक ट्रान्स्फर पंप आहे. नियमही सर्वांना सारखाच : टाकी ८५ टक्के भरली की व्हॉल्व्ह बंद, ८० टक्क्यांखाली आली की पुन्हा उघडायला परवानगी, आणि ९० टक्क्यांच्या वर सलग ३ सेकंद राहिली तर अलार्म. हे ३ सेकंद भरताना उसळणाऱ्या पातळीसाठी ठेवलेले असतात. ते नसतील तर अलार्म दिवसभर वाजत-थांबत राहील.

सरळ मार्ग म्हणजे पहिल्या टाकीचे लॅडर लिहून त्याच्या १७ प्रती काढायच्या आणि प्रत्येक प्रतीतले पत्ते बदलायचे. एका टाकीला ४० रंग, म्हणजे लॅडरच्या पायऱ्या, धरले तर ७२० रंग होतात. आकारापेक्षा मोठी अडचण पत्ते बदलताना होते. अकराव्या टाकीच्या प्रतीत एखादा पत्ता दहावीचाच राहून जातो आणि T-110 भरली की T-111 चा व्हॉल्व्ह बंद होतो. ही चूक कंपायलरला दिसत नाही, कारण पत्ता वैधच असतो. पुढे प्रोसेसवाल्यांनी ३ सेकंदांचे ५ करायला सांगितले की १८ ठिकाणी हात घालावा लागतो, आणि त्यातले एखादे ठिकाण सुटतेच.

रजिस्टरवर चालणाऱ्या जुन्या धाटणीच्या पीएलसीत यावर उपाय इंडेक्स रजिस्टरचा. मित्सुबिशीच्या पीएलसीत `D1004Z0` असे लिहिले तर 1004 मध्ये Z0 ची त्या क्षणाची किंमत मिळवून येणारे रजिस्टर वापरले जाते. प्रत्येक टाकीला २० रजिस्टर दिली आणि पहिलीची सुरुवात D1000 पासून केली, तर टाकीचा क्रमांक n असताना

```
Z0 = (n - 1) * 20
```

सातव्या टाकीसाठी Z0 = १२०. पातळी `D1000Z0` म्हणजे D1120 मध्ये, आणि वरची मर्यादा `D1004Z0` म्हणजे D1124 मध्ये सापडते. तर्काचा तुकडा एकच राहतो, त्याला दरवेळी वेगळा Z0 दिला जातो.

या पद्धतीची दुखरी बाजू अशी, की पीएलसी बेरीज करतो पण ती बेरीज टाक्यांच्या हद्दीत आहे का हे बघत नाही. एखाद्या टाकीची मर्यादा बदलताना ऑपरेटरने एचएमआयवर, म्हणजे त्याच्या स्क्रीनवर, टाकी क्रमांकाच्या जागी चुकून ० टाकला तर Z0 = -२० होतो आणि नवी मर्यादा D984 मध्ये जाऊन बसते. तिथे कदाचित मिक्सरच्या वेगाचा सेटपॉइंट असेल. कुठेही दिवा लागत नाही, फक्त मिक्सर अचानक वेगळ्या वेगाने फिरू लागतो. एखादी किंमत आपोआप बदलते आणि तिच्यात लिहिणारी सूचना क्रॉस रेफरन्समध्ये सापडत नाही, अशी तक्रार आली तर पहिला संशय इंडेक्स रजिस्टरवर घ्यावा. क्रॉस रेफरन्सला `D1004Z0` दिसतो, तो D984 पर्यंत पोहोचू शकतो हे त्याला कळत नाही. दुसरा नेहमीचा दोष म्हणजे तोच Z0 इंटरप्ट रुटीनमध्येही वापरणे. तिथे तो जपून परत ठेवला नाही तर मूळ तुकडा मधूनच दुसऱ्या टाकीवर काम करू लागतो, तेही क्वचित, म्हणजे पकडायला सर्वांत अवघड.

१९९३ साली पहिल्यांदा प्रसिद्ध झालेल्या आयईसी ६११३१-३ या मानकात ॲरे आणि स्ट्रक्चर दोन्ही आहेत. त्यामुळे हेच काम नावांनी करता येते. एका टाकीला लागणारी सर्व माहिती एका स्ट्रक्चरमध्ये ठेवायची आणि त्या स्ट्रक्चरचा १८ कप्प्यांचा ॲरे करायचा.

```
T   : ARRAY[1..18] OF ST_Tank;
Tmr : ARRAY[1..18] OF TON;

FOR i := 1 TO 18 DO
  Tmr[i](IN := T[i].Level >= T[i].HiSP, PT := T#3s);
  T[i].HiAlm := Tmr[i].Q;
END_FOR;
```

२० ने गुणण्याचा हिशेब आता कंपायलर करतो. हद्दीबाहेरचा क्रमांक आला तर काय होते, हे मात्र कंपनीगणिक वेगळे. ॲलन-ब्रॅडलीच्या लॉजिक्स कंट्रोलरमध्ये मोठा दोष नोंदला जातो, टाइप ४, कोड २०, आणि तो दोष हाताळायची सोय केलेली नसेल तर कंट्रोलर थांबतो. कोडसिसमध्ये `CheckBounds` नावाचे फंक्शन प्रोजेक्टमध्ये घातले तरच तपासणी होते. रात्रीच्या पाळीत अख्खी रांग थांबणे कोणालाच नको असते. तरी गुपचूप भलत्या जागी लिहिले जाण्यापेक्षा ते बरे, निदान कारण कोडसकट स्क्रीनवर असते.

त्याहून बरे म्हणजे चुकीचा क्रमांक दारातच अडवणे. इथे पुष्कळजण `LIMIT(1, n, 18)` लिहून मोकळे होतात. त्याने कंट्रोलर थांबत नाही हे खरे, पण ० चा १ होतो आणि ऑपरेटरची चूक T-101 च्या माथी येते. क्रमांक हद्दीत नसेल तर काहीच न लिहिता स्क्रीनवर तसा संदेश द्यावा. लूप संपल्यानंतर i वापरण्याचा मोहही टाळावा. FOR संपल्यावर त्या चलात काय उरते हे मानकाने ज्याच्या त्याच्या अंमलबजावणीवर सोडले आहे. बऱ्याच ठिकाणी १९ उरतात, आणि एकोणिसावी टाकी तर नाही.

वरच्या तुकड्यात `Tmr` हाही ॲरे आहे, आणि या विषयातली सर्वांत महागडी चूक तिथेच होते. टायमर, काउंटर, कड ओळखणारा ब्लॉक यांना मागच्या स्कॅनची आठवण ठेवावी लागते. अठरा टाक्यांना मिळून एकच `TON` दिला तर आठवणही एकच राहते. समजा, फक्त T-107 ची पातळी ९० टक्क्यांच्या वर आहे. लूप सातव्या फेरीत टायमर सुरू करतो, आठव्या फेरीत त्याच टायमरला आठव्या टाकीची ‘पातळी ठीक’ ही स्थिती मिळते आणि तो शून्यावर येतो. प्रत्येक स्कॅनला हेच. ३ सेकंद कधीच पूर्ण होत नाहीत आणि अलार्म येत नाही. वागळे इस्टेटमधल्या एखाद्या पॅनेलवाल्याच्या शेडमध्ये टेस्टिंग करताना लूप १ टाकीपुरता ठेवला असेल तर सगळे व्यवस्थित चालते. साइटवर आकडा १८ केला की अलार्म गप्प होतो.

`R_TRIG` सामाईक ठेवला तर दोष उलट बाजूने दिसतो. पंप सुरू झाल्याची कड मोजायची आहे आणि फक्त सातवा पंप चालू आहे. सहाव्या फेरीत ‘बंद’, सातवीत ‘चालू’, त्यामुळे ब्लॉकला प्रत्येक स्कॅनमध्ये नवी कड दिसते. स्कॅन २० मिलिसेकंदांचा असेल तर पंप सेकंदाला ५० वेळा, मिनिटाला ३००० वेळा सुरू झाल्याची नोंद होते. चालू पंपाच्या सुरुवातींचा आकडा असा धावताना दिसला तर मोटर स्टार्टर उघडून बघण्याआधी प्रोग्राममधली ही ओळ बघावी.

इनपुट कार्डांचे वाचन मात्र या लूपमध्ये ओढू नये. आठ चॅनेलच्या कार्डांवर १८ सिग्नल बसवायला तीन कार्डे लागतात, सहा चॅनेल मोकळे राहतात, आणि कधीतरी एक चॅनेल जळाला की फिटर वायर मोकळ्या चॅनेलवर घेतो. ‘सातवी टाकी म्हणजे सातवा चॅनेल’ हे गृहीतक त्या दिवशी मोडते. म्हणून कोणता चॅनेल कोणत्या टाकीचा, हे १८ साध्या ओळींत हातानेच लिहावे. कंटाळवाणे आहे, पण वायर हलली की एकच ओळ बदलते. ट्रान्समीटरच्या ४ ते २० मिलिॲम्पिअरला सीमेन्सच्या कार्डवर ० ते २७६४८ आकडे मिळतात. T-107 चा आकडा १३८२४ असेल तर ३.२ मीटरच्या निम्मे, म्हणजे १.६ मीटर. हे गणित सर्वांना सारखे, म्हणून ते लूपमध्ये.

मेंटेनन्सवाल्यांचा या पद्धतीवरचा राग समजण्यासारखा आहे. सुटे लॅडर असते तेव्हा T-107 चा रंग उघडून कोणता संपर्क अडला आहे हे नजरेने कळते. लूप ऑनलाइन पाहिला तर स्क्रीनवर बहुधा शेवटच्या फेरीच्या, म्हणजे T-118 च्या किंमती दिसतात. तक्रार सातवीची आणि दाखवतो अठरावी, असा प्रकार. यासाठी प्रोग्रामरने एक छोटी खिडकी ठेवून द्यावी :

```
IF i = WatchNo THEN
  Dbg := T[i];
END_IF;
```

हा तुकडा लूपच्या शेवटी बसवला आणि `WatchNo` मध्ये ७ टाकला की `Dbg` मध्ये फक्त सातव्या टाकीची स्थिती दिसत राहते. ही सोय नसलेला प्रोग्राम मिळाला तर रात्रपाळीचा माणूस वैतागून मूळ लूपलाच हात घालतो, आणि मग एका टाकीसाठी केलेली जुगाड अठराही टाक्यांना लागू होते.

सारखेपणा कायम टिकतोच असे नाही. दोन वर्षांनी T-116 ला ॲजिटेटर बसतो, T-112 साफसफाईसाठी महिनाभर बंद राहते. अशा वेळी लूपमध्ये `IF i = 16` असे लिहायला सुरुवात झाली की एकच तुकडा ठेवण्याचा फायदा संपत जातो. फरक स्ट्रक्चरमध्येच माहिती म्हणून ठेवावा : `HasAgit`, `InUse`, मर्यादा, मापनउंची. चार-पाच टाक्यांचे वागणेच वेगळे असेल, उदाहरणार्थ गरम करण्याच्या टाक्या, तर त्यांचा ॲरे निराळा करावा. आणि तीनच टाक्या असतील व वाढणार नसतील, तर सुटे लॅडर लिहिलेले बरे. रात्री ते उघडून बघणाऱ्यालाही सोपे जाते.

अतिउच्च पातळीचा स्वतंत्र स्विच या सगळ्याच्या बाहेर ठेवतात. तो प्रत्येक टाकीला वेगळा असतो आणि त्याची वायर पीएलसीला वळसा घालून थेट त्या टाकीच्या व्हॉल्व्हच्या सोलेनॉइडचा पुरवठा तोडते. लूपमधली एक चूक एकाच वेळी अठराही टाक्यांत असते. तिथे शेवटचा अडसर त्याच लूपमध्ये ठेवून चालत नाही.