लेकराच्या तोंडावरचा लाल डाग: कोणता जातो, कोणता राहतो

“गरोदरपणी ग्रहण पाळलं नाही की लेकराच्या तोंडावर लाल डाग उठतो. काही करू नका, वर्ष-दीड वर्षात आपोआप जातो.”

ग्रहणाचा संबंध नाही. जन्मापासून दिसणारे सपाट लाल डाग मुख्यतः दोन प्रकारचे असतात आणि त्यांतला मावळतो तो एकच. कपाळाच्या मधोमध, पापण्यांवर किंवा मानेमागे फिकट गुलाबी, कडा अस्पष्ट, रडताना गडद होणारा डाग म्हणजे सॅमन पॅच. चेहऱ्यावरचा बहुधा एक-दोन वर्षांत जातो. मानेवरचा राहिला तरी केसांखाली झाकतो, त्रास काही नाही.

दुसरा, न जाणारा डाग म्हणजे पोर्ट-वाइन स्टेन. तो बहुतेकदा चेहऱ्याच्या एकाच बाजूला असतो आणि मध्यरेषेशी रेघ ओढल्यासारखा थांबतो. गर्भात एका पेशीतल्या जनुकात झालेल्या बदलामुळे तिथल्या केशवाहिन्या रुंद राहतात. तो लेकरासोबत वाढतो, पुढे जांभळट, जाड होतो.

बोटाने दाबून पाहू नका. दोन्ही फिकट पडतात. त्यापेक्षा लेकरू झोपलेलं असताना, त्याच खिडकीच्या उजेडात दर महिन्याला फोटो काढा. सावळ्या कातडीवर फरक असाच कळतो.

मात्र एका बाजूचा डाग कपाळावर किंवा वरच्या पापणीवर असेल, तर फोटोंसाठी थांबू नका. अशा काही लेकरांत डोळ्यातला दाब वाढतो, काहींना झटके येतात. पहिल्या काही आठवड्यांतच नेत्रतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवा. लेझरने डाग फिकट होतो, पण अनेक बैठका लागतात आणि तान्हेपणी सुरुवात केलेली बरी.