नसलेल्या अभ्यासांचे दाखले

22 मे 2025 रोजी अमेरिकी सरकारने मुलांच्या आरोग्यावरचा ‘मेक अमेरिका हेल्दी अगेन’ अहवाल प्रसिद्ध केला. त्यात पाचशेहून अधिक संदर्भ होते. आठवडाभरातच ‘नोटस’ या वृत्तसंस्थेने दाखवून दिले, की त्यातले सात संदर्भ कुठेच सापडत नाहीत. त्यांपैकी एक होता कोरोनाकाळातल्या किशोरवयीनांच्या मानसिक आरोग्यावरचा. लेखिका म्हणून कोलंबिया विद्यापीठातल्या साथरोगतज्ज्ञ कॅथरीन कीज यांचे नाव दिलेले. विषय त्यांच्या कामाला शोभणारा. पण असा निबंध आपण लिहिलेलाच नाही, असे त्यांनी सांगितले. काही दुव्यांत `oaicite` ही अक्षरेही तशीच राहिली होती. ओपनएआयच्या साधनातून उचललेल्या मजकुरात ही खूण कधी कधी मागे राहते. व्हाइट हाउसने हे सगळे मांडणीतले दोष ठरवले आणि अहवाल दुरुस्त करून पुन्हा टाकला.

खोटे संदर्भ त्याआधीही होते. एल्सव्हिअर या प्रकाशनसंस्थेने लेखकांना संदर्भ कसा लिहायचा हे दाखवायला एक काल्पनिक नमुना दिला होता. तो तसाच जवळपास 400 निबंधांत छापला गेल्याचे 2017 मध्ये उघडकीला आले. मूळ न पाहताच संदर्भ यादीत राहू देण्याची ही जुनी खोड. तिथे निदान एकच चूक पुन्हा पुन्हा येई आणि माग काढता येई. नोव्हेंबर 2022 मध्ये चॅटजीपीटी आले आणि प्रत्येक वेळी नवा, कुठेच नसलेला संदर्भ तयार होऊ लागला. 2023 मध्ये ‘क्युरिअस’ या जर्नलमधल्या तपासणीत त्याने लिहिलेल्या वैद्यकीय मजकुरातले 115 संदर्भ पाहिले गेले. 47 टक्के बनावट निघाले, 46 टक्के खरे पण तपशिलात चुकलेले, आणि पूर्ण बरोबर फक्त 7 टक्के. साधने त्यानंतर सुधारली, पण बनावट संदर्भ थांबले नाहीत, हे वरचा अहवालच सांगतो.

कारण त्या यंत्राच्या घडणीत आहे. कोणत्या शब्दांमागून कोणते शब्द येतात, यावरून ते लिहिते. एखाद्या विषयाबरोबर ठरावीक आडनावे आणि ठरावीक जर्नले वारंवार येतात, म्हणून ती जुळतात. डीओआय, म्हणजे निबंधाच्या कायमच्या ओळख-क्रमांकाचा, सुरुवातीचा भागही बरोबर येतो, कारण `10.1001` हा अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलांवर हजारो वेळा छापलेला असतो. तिरक्या रेघेनंतरचे आकडे मात्र त्या एकाच निबंधाचे असतात. त्यांचा अंदाज बांधता येत नाही. बनाव बहुधा तिथेच फुटतो.

म्हणून तपासणी तिथूनच सुरू करावी. क्रमांक `doi.org/` पुढे टाकावा. काहीच उघडले नाही, तर संशय. दुसराच निबंध उघडला, तर संशय पक्का. मग पूर्ण शीर्षक अवतरणचिन्हांत घालून पबमेड या वैद्यकीय निबंधांच्या सूचीत शोधावे. तरीही सापडले नाही, तर जर्नलच्या संकेतस्थळावर तो खंड आणि अंक उघडून ती पाने पाहावीत. बनावट संदर्भाच्या पानांवर दुसऱ्याच कुणाचा निबंध असतो, किंवा तो अंक तितक्या पानांचा नसतोच. मात्र पबमेडमध्ये नाही म्हणजे खोटा, असे धरू नये. आपल्याकडची कितीतरी जर्नले, त्यात आयुर्वेदाचीही, तिथे नोंदलेली नाहीत. त्यांच्यासाठी जर्नलचे मूळ पानच पाहावे लागते.

आरोग्यलेख डॉक्टरकडून तपासून घेतले जातात, पण हे काम डॉक्टरचे नव्हे, संपादकीय विभागाचे. आणि मजकूर डॉक्टरकडे जाण्याआधीचे. ‘वैद्यकीय तज्ज्ञांनी तपासलेले’ हा शिक्का आरोग्य-संकेतस्थळांवर रुळला, तेव्हा तज्ज्ञाने मजकूर वैद्यकीयदृष्ट्या बरोबर आहे का एवढे पाहावे, अशी अपेक्षा होती. यादीतले निबंध अस्तित्वात आहेत, हे गृहीतच असे. बनावट संदर्भ जाणकाराला पटेल असाच घडलेला असल्यामुळे वाचताना तो खटकत नाही.

डॉक्टरची खरी गरज त्यानंतर लागते. त्याच अमेरिकी अहवालात स्क्रीनमुळे मुलांची झोप बिघडते, यासाठी एक अभ्यास दिला होता. अभ्यास खरा होता, पण जर्नल चुकीचे लिहिलेले. शिवाय संशोधिकेने स्पष्ट केले, की तो लहान मुलांवर नव्हे, महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेला होता आणि त्यात झोप नव्हे, मेलाटोनिन हे झोपेशी निगडित संप्रेरक मोजले होते. दुवा उघडतो का, एवढेच पाहणाऱ्याला हे कळले नसते. म्हणून तपासणाऱ्या डॉक्टरला नुसता लेख देऊ नये. प्रत्येक दाव्यासोबत मूळ निबंधाचा सारांश जोडावा आणि चार गोष्टी विचाराव्यात: अभ्यास कुणावर केला, किती जणांवर, काय मोजले, आणि लेखातले वाक्य त्याहून पुढे जाते का.

संदर्भ बनावट निघाला, की घाईत एक चूक हमखास होते: वाक्य तसेच ठेवून त्याला साजेसा खरा निबंध शोधून चिकटवला जातो. पण ते वाक्य कुठल्याच अभ्यासातून आलेले नव्हते. आधी ते काढावे. मग त्या विषयावर जे खरे निबंध सापडतील, ते काय सांगतात ते पाहून नव्याने लिहावे.