पुसलेला ईमेल १४ दिवस कुठे असतो?

१२ ऑक्टोबर २००१ रोजी आर्थर अँडरसन या अमेरिकी लेखापरीक्षण संस्थेतल्या एका वकील बाईंनी सहकाऱ्याला दोन-तीन ओळींचा ईमेल केला. कागदपत्रं किती काळ ठेवायची याचं आपलं धोरण आहे, त्याची एन्रॉनचं काम पाहणाऱ्या चमूला आठवण करून द्यावी, एवढाच त्याचा आशय. एन्रॉन म्हणजे आपल्याकडे दाभोळच्या वीजप्रकल्पामुळे घरोघरी माहीत झालेली तीच कंपनी. ईमेलची भाषा सौम्य होती आणि त्यात ‘नष्ट करा’ असं कुठेही नव्हतं. पण जास्तीची टिपणं आणि मसुदे ठेवायचे नाहीत, हे त्या धोरणातच लिहिलेलं होतं. चार दिवसांनी एन्रॉनने तिमाहीत ६१.८ कोटी डॉलरचा तोटा जाहीर केला. २३ ऑक्टोबरपासून ह्यूस्टनच्या कार्यालयात कागद फाडण्याची यंत्रं जोरात चालू लागली. ८ नोव्हेंबरला सरकारी नियामकाचं समन्स आलं आणि ९ तारखेला ‘आता फाडणं थांबवा’ असा निरोप कार्यालयात फिरला.

२००२ मध्ये ज्यूरीने संस्थेला दोषी ठरवलं. ज्यूरीला कायदा चुकीचा समजावून सांगितला गेला, असं म्हणत २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. तोवर संस्था जवळपास संपली होती. मला यातली लक्षात राहणारी गोष्ट वेगळी आहे: रोजचा नियम पाळणं हेच इथे घातक ठरलं. चौकशी चालू असताना येणारी ‘नोंदी जपून ठेवा’ ही सूचना नेमकी त्यासाठी असते. लबाड माणसाला ती किती रोखेल, याची शंका आहे. पण नेटक्या, आवराआवर करणाऱ्या माणसाला आणि आपणहून साफसफाई करणाऱ्या यंत्राला ती नक्की थांबवते.

यंत्राची साफसफाई कशी चालते ते एका कल्पित उदाहरणातून पाहू. एका कारखान्याला पुठ्ठ्याचे खोके घ्यायचे आहेत. दरपत्रकं देण्याची मुदत १० मार्च २०२५. काम मिळालेल्या पुरवठादाराचा ईमेल ३ मार्चचा दिसतो. २४ मार्चला तक्रार येते, की इतरांचे दर फुटल्यावर, म्हणजे मुदतीनंतर, हा दर मागवला गेला. खरेदी अधिकारी त्या ईमेलची छापील प्रत दाखवतात. तिच्यावर ३ मार्च हीच तारीख आहे.

छापील प्रतीवर किंवा पुढे पाठवलेल्या ईमेलमध्ये जे दिसत नाही, ते मूळ ईमेलच्या शीर्षनोंदीत असतं:

```
Date: Mon, 3 Mar 2025 10:15:00 +0530
Received: by mx.example.in; Thu, 13 Mar 2025 18:42:07 +0530
```

पहिली वेळ पाठवणाऱ्याच्या संगणकाने लिहिलेली असते. घड्याळ मागे केलं की तीही मागे जाते. दुसरी वेळ कारखान्याच्या सर्व्हरने ईमेल स्वीकारताना नोंदवलेली आहे आणि पुरवठादाराचा हात तिथवर पोचत नाही. दहा दिवसांचं हे अंतर म्हणजे लगेच गुन्हा नव्हे. लॅपटॉप बंद राहिला आणि ईमेल आउटबॉक्समध्ये अडकला, असंही होतं. पण विचारायचा प्रश्न सापडला, आणि तो फक्त मूळ ईमेलमध्येच सापडू शकतो.

आता समजा, अधिकाऱ्यांनी तो मूळ ईमेल १३ मार्चलाच पुसला आणि कचरापेटीही रिकामी केली. कार्यालयाची डाक मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंजवर असेल, तर ईमेल तेवढ्याने जात नाही. तो एका लपलेल्या फोल्डरमध्ये सरकतो. तिथे त्याचा मुक्काम सहसा १४ दिवसांचा असतो, व्यवस्थापकाने वाढवला तर ३० दिवसांचा. १३ मार्च अधिक १४ म्हणजे २७ मार्च. तक्रार आली २४ ला. हातात तीन दिवस.

म्हणून जाणती माणसं सूचना पाठवण्याआधी आयटी विभागाकडून संबंधित खात्यांवर ‘होल्ड’ लावून घेतात. होल्ड लागला की लपलेल्या फोल्डरमधलं १४ दिवसांचं घड्याळ थांबतं. खातेदार नेहमीसारखं काम करतो, ईमेल पुसतो, त्याच्या पडद्यावरून तो नाहीसाही होतो, पण सर्व्हरवर प्रत राहते. हा होल्ड लागू व्हायला काही तास जाऊ शकतात. त्यामुळे सकाळी सूचना आणि संध्याकाळी होल्ड असा उलटा क्रम झाला, तर मधला दिवस ज्याला घाई आहे त्याच्या हाती जातो.

होल्ड पोचत नाही अशा जागाही आहेत आणि सूचनेची खरी गरज तिथेच पडते. व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश आपोआप पुसले जाण्याची सोय २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवसांवर लावलेली असू शकते. जुना लॅपटॉप नव्या माणसाला देण्याआधी आयटीवाले तो कोरा करतात. त्यातल्या एसएसडीवरून पुसलेली फाइल तर अनेकदा परत मिळतच नाही, कारण मोकळी झालेली जागा ती डिस्क स्वतःच साफ करून ठेवते. शिवाय टेबलाच्या खणातली वही असते. तिला कुठलाच होल्ड लागत नाही.

अशा कारखान्यात मी सूचना लिहिली असती ती साधारण अशी:

‘खोक्यांच्या खरेदीबाबत कंपनी अंतर्गत चौकशी करत आहे. ही सूचना आपल्याला मिळाली याचा अर्थ आपल्यावर आरोप आहे असा नाही. या कामाच्या काही नोंदी आपल्याकडे असू शकतात, एवढंच. १ जानेवारी २०२५ पासूनचे या विषयाचे ईमेल, फाइली, फोनवरचे संदेश आणि हस्तलिखित टिपणं आहेत तशीच राहू द्या. संदेश आपोआप पुसले जाण्याची सोय चालू असेल तर बंद करा. फोन किंवा लॅपटॉप बदलायचा असेल तर आधी आम्हाला सांगा. काहीही स्वतः गोळा करू नका, पुढे पाठवू नका. आमचा माणूस येऊन प्रत घेईल. या तारखेनंतरच्या नोंदीही जपा. काही आधीच पुसलं गेलं असेल तर तसं कळवा. लेखी कळवेपर्यंत ही सूचना लागू राहील.’

यातलं ‘स्वतः गोळा करू नका’ हे वाक्य लोकांना खटकतं, कारण मदत करावी ही त्यांची इच्छा खरी असते. पण फाइल नुसती पेनड्राइव्हवर घेतली, तरी प्रतीवर ‘तयार केल्याची’ तारीख सहसा आजची पडते. ईमेल पुढे पाठवला तर मूळची शीर्षनोंद मागेच राहते. प्रशिक्षित माणूस प्रत घेतो तेव्हा लगेच तिची हॅश काढतो. फाइलमधल्या सगळ्या मजकुरावर गणित करून मिळणारी ही एक खूण असते. एसएचए-२५६ या पद्धतीत ती ६४ अक्षर-अंकांची असते आणि एखादा स्वल्पविराम बदलला तरी पूर्ण वेगळी येते. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत जे प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्यात हॅशसाठी जागाच ठेवली आहे. अर्थात प्रत घेतल्यानंतर काही बदललं नाही, एवढंच हॅश सांगते. आधीच खोटी असलेली फाइलही तिच्यासाठी एक फाइलच.

‘आधीच पुसलं असेल तर कळवा’ हे वाक्य मी मुद्दाम घातलं असतं. महिन्याभरापूर्वी सहज खातं आवरलेला माणूस सूचना वाचून घाबरतो आणि खुणा लपवायला जातो, तिथून भलतंच प्रकरण उभं राहतं. पुरावा म्हणून सादर होऊ नये या हेतूने कागद किंवा इलेक्ट्रॉनिक नोंद नष्ट करणं हा भारतीय न्याय संहितेत गुन्हा आहे; त्यात सारा भर हेतूवर आहे. ‘१३ तारखेला पुसला’ हे वेळेवर समजलं, तर आयटीवाले त्या लपलेल्या फोल्डरमध्ये २७ च्या आत पोचतात.

चौकशी संपली की सूचना मागे घेतल्याचंही लेखी कळवावं लागतं, आणि हे हटकून विसरलं जातं. मग दोन-तीन वर्षांनी कुणाचं तरी खातं का भरत चाललंय ते आयटी विभागाला कळत नाही. शोधल्यावर दिसतं, की खोक्यांच्या खरेदीचा होल्ड अजून तसाच लागलेला आहे.