भोगवटादाराचे दायित्व : बिनकुंपणाचा बांधकाम-भूखंड आणि लहान मूल

ज्याच्या ताब्यात जागा आहे, त्याने तिथे येणाऱ्या माणसाच्या सुरक्षिततेसाठी घ्यावयाची काळजी म्हणजे अपकृत्य कायद्यातील भोगवटादाराचे दायित्व. प्रस्तुत नोंद या दायित्वाच्या एकाच शाखेपुरती आहे : बांधकाम चालू असलेल्या उघड्या जागेत कोणी न बोलावता आलेले आणि तिथे जखमी झालेले मूल. भोगवटादार म्हणजे मालक असे समीकरण नाही. जागेवर प्रत्यक्ष नियंत्रण कोणाचे, ही कसोटी असते. ‘व्हीट विरुद्ध लेकन’ (१९६६) या निकालात ब्रिटिश हाउस ऑफ लॉर्ड्सने एकाच जागेचे एकाहून अधिक भोगवटादार असू शकतात असे मानले. त्यामुळे भूखंडाचा मालक, विकासक आणि पाया खोदणारा कंत्राटदार हे तिघेही आपापल्या नियंत्रणापुरते उत्तरदायी ठरू शकतात.

मुलाला वेगळी वागणूक देण्याचा हा नियम नेमका कुठून आला याबाबत एकमत नाही. इंग्लंडमधील ‘लिंच विरुद्ध नर्डिन’ (१८४१) हे त्याचे मूळ, असे एक मत आहे. त्यात रस्त्यात सोडून दिलेल्या घोडागाडीवर मुले चढली, त्यांतील एक जखमी झाले आणि गाडीवाल्याला भरपाई द्यावी लागली. परंतु ती घटना सार्वजनिक रस्त्यावरची होती. परक्याच्या जमिनीत शिरण्याचा प्रश्न तिथे नव्हता, म्हणून तिला या विशिष्ट नियमाचे मूळ मानणे थोडे ताणल्यासारखे होते. दुसऱ्या मतानुसार हा नियम अमेरिकी आहे. नेब्रास्कात सहा वर्षांचा एक मुलगा रेल्वेच्या कुलूप नसलेल्या फिरत्या चकतीशी (इंजिनाची दिशा बदलण्याचे साधन) मित्रांबरोबर खेळताना जखमी झाला. ‘सू सिटी अँड पॅसिफिक रेलरोड विरुद्ध स्टाउट’ (१८७३) या त्याच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कंपनीवरील दायित्व कायम केले. पुढे काही राज्यांतील न्यायालयांनी या निकालाला ‘मुलाला यंत्राने मोहात पाडून आत ओढले, म्हणजे जणू बोलावलेच’ अशी उपपत्ती जोडली. ‘आकर्षक उपद्रव’ हे नाव तिच्यामुळे रूढ झाले.

या नावाने बराच घोळ झाला. १९२२ च्या ‘युनायटेड झिंक विरुद्ध ब्रिट’ या निकालात न्या. होम्स यांनी उपपत्ती शब्दशः घेतली. कॅन्ससमधील पडीक कारखान्याच्या जागेत विषारी झालेल्या डबक्यात दोन मुले उतरली आणि दगावली. डबके बाहेरून दिसत नव्हते, म्हणजे त्याने मुलांना आत बोलावले असे म्हणता येत नाही, म्हणून दायित्व नाही, असा तो निर्णय होता. बांधकामाच्या भूखंडाला हा तर्क लावला तर वाळूचा ढीग रस्त्यावरून दिसतो की नाही यावर निकाल फिरेल आणि वाळूमागच्या खड्ड्याची खोली गौण ठरेल. अमेरिकी अपकृत्य कायद्याचे नियम संकलित करणाऱ्या १९३४ च्या ‘रीस्टेटमेंट’ने (कलम ३३९) मोहाची अट सोडून दिली आणि मुले तिथे येतील याची भोगवटादाराला कल्पना असायला हवी होती का, हा मुख्य प्रश्न ठेवला. हीच भूमिका अधिक ग्राह्य वाटते.

इंग्रजी कायदा मात्र दीर्घकाळ कठोर राहिला. ‘अ‍ॅडी विरुद्ध डम्ब्रेक’ (१९२९) या स्कॉटिश अपिलात, कोळशाच्या खाणीवरील दोरखंड-यंत्राच्या चाकात सापडून दगावलेले चार वर्षांचे मूल केवळ अतिक्रमी ठरले. अतिक्रमीला जाणूनबुजून किंवा बेपर्वाईने इजा करू नये, याहून अधिक कर्तव्य नाही, असे हाउस ऑफ लॉर्ड्सने म्हटले. न्यायाधीशांनाही ही रेषा जड जात असे, आणि मुले रोज येतात, कोणी हाकलत नाही, म्हणजे त्यांना गर्भित परवानगी आहे, असे मानून ते तिला वळसा घालत. हाउसने ही भूमिका सोडली ती १९७२ मध्ये. ‘ब्रिटिश रेल्वेज बोर्ड विरुद्ध हेरिंग्टन’ या खटल्यात मोडक्या कुंपणातून विजेच्या रुळावर गेलेल्या सहा वर्षांच्या मुलाला भरपाई मिळाली. आज इंग्लंडमध्ये अतिक्रमींसाठी १९८४ चा कायदा आहे. धोक्याची जाणीव, माणूस धोक्याजवळ येण्याची शक्यता आणि त्या धोक्यापासून संरक्षण देणे वाजवी आहे का, अशा तीन अटी त्यात एकत्र पाहिल्या जातात. परवानगीने येणाऱ्यांसाठी १९५७ चा कायदा आहे. मुले मोठ्यांपेक्षा कमी सावध असणार हे भोगवटादाराने धरून चालावे, असे तो स्पष्ट सांगतो.

बिनकुंपणाच्या बांधकाम-भूखंडाबाबत सर्वांत उपयोगी निकाल ‘फिप्स विरुद्ध रॉचेस्टर कॉर्पोरेशन’ (१९५५) हा होय. रॉचेस्टरच्या नगरसंस्थेने एका मोकळ्या माळावर घरांची वसाहत बांधायला घेतली होती. मलनिःसारणासाठी खणलेला चर सुमारे १०० यार्ड लांब, अडीच फूट रुंद आणि आठ ते नऊ फूट खोल होता. त्याला कठडा नव्हता. आसपासची मुले माळावर नेहमी येत आणि नगरसंस्थेने त्यांना कधी अडवले नव्हते. पाच वर्षांचा एक मुलगा सात वर्षांच्या बहिणीबरोबर तिथून जात होता. बहीण चर ओलांडून गेली, तो मात्र आत पडला आणि त्याचा पाय मोडला.

न्या. डेव्हलिन यांच्यापुढे तीन वाटा होत्या. मुलाला अतिक्रमी ठरवले असते तर तत्कालीन नियमानुसार दावा तिथेच संपला असता. ती वाट त्यांनी घेतली नाही. नेहमीचा वावर आणि नगरसंस्थेचे मौन यांवरून मुलाला गर्भित परवानगी होती, असे त्यांनी मानले. दुसरी वाट जुन्या निकालांतली होती. तिच्यानुसार एवढ्या लहान मुलाला परवानगी असलीच तर ती ‘मोठे माणूस बरोबर असेल तर’ या अटीवरच असते. हीही त्यांना पटली नाही, कारण ती लावली की एकटे आलेले मूल पुन्हा अतिक्रमीच ठरते. तिसरी वाट त्यांची स्वतःची. चर मोठ्या माणसाला उघड दिसणारा होता, त्यात लपलेला सापळा नव्हता. अगदी लहान मुलांना धोक्याच्या जागी एकटे न सोडणे ही प्रथमतः आईवडिलांची जबाबदारी आहे आणि सुज्ञ पालक ती पाळतील असे भोगवटादाराने गृहीत धरले तर चुकत नाही. दावा फेटाळला गेला.

हा निकाल पालकांवर दोष ढकलणारा आहे, अशी टीका होते. ती पूर्ण बरोबर नाही. डेव्हलिन यांची कसोटी त्या परिसरातील सुज्ञ पालक काय करतात अशी आहे. तो परिसर घरादारांतला आणि मुलांना खेळायला दुसरी जागा नसलेला असेल, तर तिथले सुज्ञ पालकही मुलाला दारासमोर एकटे सोडतात, आणि मग हेच गृहीतक भोगवटादाराच्या विरुद्ध जाते. गावाबाहेरच्या माळावरचा चर आणि चाळीच्या जिन्यापासून दहा पावलांवरचा पायाचा खड्डा यांना एकच निष्कर्ष लागू करता येत नाही. ‘पॅनेट विरुद्ध मॅकगिनेस’ (१९७२) या खटल्यात हा फरक दिसतो. बागेजवळच्या एका गोदामाचे पाडकाम चालू होते आणि कचरा पेटवून दिलेला होता. मुलांना हाकलण्यासाठी कंत्राटदाराने तीन कामगार नेमले होते, पण पाच वर्षांचा मुलगा आत आला तेव्हा ते जागेवर नव्हते. मुलाला पूर्वी अनेकदा हाकलले होते, हा बचाव टिकला नाही. उलट, मुले येतात हे कंत्राटदाराला ठाऊक होते याचा तोच पुरावा झाला.

भारतात भोगवटादाराच्या दायित्वावर स्वतंत्र कायदा नाही. दिवाणी न्यायालये न्याय, समन्याय व सदसद्विवेकबुद्धी या तत्त्वावर इंग्रजी निकालांचा आधार घेतात, आणि १९५५ पेक्षा १९७२ नंतरची भूमिका येथे अधिक योग्य मानावी लागेल. सर्वांत जवळची ठोस मानके सर्वोच्च न्यायालयाने उघड्या कूपनलिकांत मुले पडण्याच्या घटनांवरून २०१० मध्ये दिली. खोदकामापूर्वी किमान १५ दिवस लेखी सूचना, जागेवर फलक, काम चालू असताना भोवती काटेरी तारेचे कुंपण, नळीभोवती सिमेंटचा ओटा, तोंडावर पोलादी झाकण आणि वापरात नसलेली कूपनलिका बुजवणे, असे त्यांत आहे. ती मानके कूपनलिकांपुरती असली तरी, खणलेली जागा उघडी ठेवणाऱ्याकडून किमान काय अपेक्षित आहे याचे माप म्हणून पायाच्या खड्ड्याच्या दाव्यातही त्यांचा आधार घेता येईल. शहरांतील बांधकामांभोवतीच्या पत्र्यांचे नियम पुष्कळदा निराळ्या हेतूचे असतात. मुंबई महानगरपालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये उंच पत्रे लावण्यास सांगितले ते धुळीसाठी. पत्र्याखालून मूल सरपटत जाऊ शकेल एवढी फट राहिली, तर उंचीचा या दायित्वाशी संबंध उरत नाही.

इंग्रजी निकालांत जवळजवळ न आढळणारा एक वर्ग येथे महत्त्वाचा आहे : साइटवरच राहणाऱ्या मजुरांची मुले. ती चुकून आत आलेली नसतात, त्यांचे घरच तिथे असते. त्यांना अतिक्रमी म्हणण्यास आधार नाही. बांधकाम कामगारांविषयीच्या १९९६ च्या कायद्याने (कलम ३५) पन्नासहून अधिक महिला कामगार असतील तिथे सहा वर्षांखालील मुलांसाठी खोली बंधनकारक केली होती. अर्थात मुले जागेवर असणार हे कायद्यानेच गृहीत धरले होते. आई डोक्यावर घमेले घेऊन वर गेलेली असताना ‘सुज्ञ पालक’ ही कसोटी तिच्यावर लादणे अन्यायाचे आहे.

पालकांची चूक मुलाच्या स्वतःच्या दाव्यात मुलावर लादली जात नाही, आणि अगदी लहान मुलाला सहभागी हयगयीचा, म्हणजे स्वतःच्या निष्काळजीपणाने अपघातास हातभार लावल्याचा, दोषही सहसा लावत नाहीत. मूल दगावल्यास १८५५ च्या प्राणघातक अपघात अधिनियमाखालील दावा मात्र आईवडिलांच्या लाभासाठी असतो, तिथे त्यांचे वर्तन तपासले जाऊ शकते. त्या दाव्याची मुदत मृत्यूपासून दोन वर्षे आहे. जखमी मुलाच्या स्वतःच्या दाव्याची मुदत १९६३ च्या मुदत अधिनियमाच्या कलम ६ मुळे ते सज्ञान होईपर्यंत सुरू होत नाही. तरीही थांबणे बहुधा अंगलट येते, कारण अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी खड्ड्याभोवती पत्रे उभे राहतात. म्हणून त्याच दिवशीचा पंचनामा, मोजमापासह खड्ड्याची छायाचित्रे आणि मुले तिथे रोज खेळत होती हे सांगणारे शेजारी, यांवर दावा उभा राहतो. यांत शेजाऱ्यांची साक्ष निर्णायक ठरते, कारण भोगवटादाराला मुलांच्या वावराची कल्पना होती हे सिद्ध करण्याचा दुसरा मार्ग क्वचितच असतो.