प्रवचन-कीर्तनाच्या ध्वनिमुद्रणाची मेटाडेटा नोंद

प्रवचनाचे किंवा कीर्तनाचे ध्वनिमुद्रण नंतर शोधता यावे म्हणून त्याला जोडलेली माहिती म्हणजे मेटाडेटा नोंद. विषय, ग्रंथातील आधार, वक्ता आणि बोलण्याची भाषा ही तिची चार मुख्य अंगे. ‘श्रोते पुसती कोण ग्रंथ । काय बोलिलें जी येथ’ या प्रश्नाने समर्थ रामदासांचा दासबोध सुरू होतो. ध्वनिमुद्रण शोधणारा श्रोताही आज हेच विचारतो. पण त्याच्यासमोर बहुतेक वेळा REC_0047.mp3 एवढेच नाव असते. दीड तास ऐकल्याशिवाय आत काय आहे ते त्यातून कळत नाही.

नाशिक परिसरात या नोंदीचे काम जास्त गुंतागुंतीचे होते. त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांच्या यात्रेत वारकरी कीर्तने होतात, सिंहस्थात उत्तरेकडच्या साधूंची हिंदी प्रवचने होतात आणि बागलाण-मालेगाव पट्ट्यात बोलता बोलता अहिराणी येते. या साऱ्यांची नोंद एकाच पद्धतीने केली तर ती फसते. पुढे वारकरी कीर्तनाचे उदाहरण घेतले आहे, कारण ग्रंथाधाराचा प्रश्न सर्वांत बारीक तिथेच होतो.

समजा, पौष वद्य एकादशीच्या यात्रेतले एक कीर्तन आहे. निरूपणाला तुकाराम महाराजांचा ‘जे का रंजले गांजले’ हा अभंग घेतला आहे. वारकरी कीर्तनात निरूपणाचा अभंग एकच असतो. बाकी सारी प्रमाणे, म्हणजे मुद्दा पक्का करण्यासाठी मध्ये म्हटलेल्या ओव्या, अभंग आणि श्लोक. या कीर्तनात कीर्तनकार महाराजांनी गीतेच्या बाराव्या अध्यायातला ‘अद्वेष्टा सर्वभूतानां’ हा तेरावा श्लोक म्हटला आणि त्यावरची ज्ञानेश्वरीतली ‘जो सर्व भूतांचे ठायीं’ ही ओवी घेतली. तासाभरात अशी वीस-पंचवीस प्रमाणे सहज होतात. ती सगळी एकाच रकान्यात भरली, तर ‘गीता अध्याय १२’ शोधणाऱ्याला हे कीर्तन गीतेवरचे वाटेल आणि ऐकून त्याची निराशा होईल. म्हणून ‘निरूपणाचा अभंग’ आणि ‘प्रमाणे’ असे दोन रकाने हवेत. प्रत्येक प्रमाणापुढे ते मुद्रणात कितव्या मिनिटाला येते तेही लिहावे. निवड करायचीच झाली तर ज्या प्रमाणावर महाराज थांबून बोलले तेच नोंदवावे. नुसते ओझरते म्हटलेले सोडून दिले तरी चालते.

ग्रंथाधार लिहिताना सर्वांत मोठी चूक आकड्यावर विसंबण्याची होते. गीतेत अध्याय आणि श्लोक दिला की पुरते. दासबोधात वीस दशक आणि प्रत्येकात दहा समास, त्यामुळे दशक-समास-ओवी हा पत्ताही सहसा चुकत नाही. ज्ञानेश्वरीचे तसे नाही. पसायदान प्रचलित प्रतींत अठराव्या अध्यायाच्या १७९४ ते १८०२ या ओव्यांत येते, पण वि. का. राजवाड्यांनी १९०९ मध्ये छापलेल्या संहितेत ओव्या प्रचलित प्रतीपेक्षा कमी आहेत, त्यामुळे क्रमांक सरकतात. तुकाराम गाथेत हा गोंधळ याहून मोठा आहे. शासकीय गाथा, देहूची गाथा आणि जोग महाराजांची गाथा यांत अभंगांचा क्रम वेगवेगळा आहे. नुसता ‘अभंग ३४७’ असे लिहिले तर कोणता अभंग ते कळत नाही. म्हणून पहिला चरण पूर्ण शब्दांत लिहावा, आकडा द्यायचा असल्यास त्याच्या शेजारी प्रतीचे नाव द्यावे, आणि प्रत हाताशी नसेल तर आकडा गाळावा.

चरण लिहितानाही एक अडचण येते. जुन्या छापील प्रतींत ‘जे कां’ असते आणि आज लोक ‘जे का’ टाइप करतात. ‘भूतांचे ठायीं’ शोधताना कोणी शेवटचा अनुस्वार देत नाही. संगणकाला ही दोन वेगळी अक्षरे दिसतात, त्यामुळे शोध रिकामा येतो आणि कीर्तन नाहीच असे वाटते. यावर उपाय साधा आहे. एका रकान्यात छापील पाठ जसाच्या तसा ठेवावा आणि शोधासाठी दुसऱ्यात आजच्या लेखनातला, जादा अनुस्वार काढलेला पाठ द्यावा. ‘१२’ आणि ‘12’ यांचेही असेच होते.

विषय ठरवताना दृष्टांत फसवतो. समजा, या कीर्तनात दुष्काळातल्या एका शेतकऱ्याची गोष्ट वीस मिनिटे चालली. श्रोत्यांच्या मनात तीच राहते आणि ते ‘ती दुष्काळाची गोष्ट’ असे विचारत येतात. तरीही विषय ‘साधुलक्षण’ हाच, कारण निरूपण त्याचे आहे. पण तो श्रोता खोटा नाही, म्हणून दृष्टांताला वेगळी ओळ द्यावी. विषयाचे शब्द ठरावीक यादीतून घ्यावेत, नाहीतर एकीकडे ‘संतलक्षण’, दुसरीकडे ‘साधूंची लक्षणे’ होते आणि सारखी मुद्रणे वेगळी पडतात.

वक्त्याच्या रकान्यात ‘संत तुकाराम’ लिहिलेले हमखास आढळते. संगीताच्या सवयीने गाण्याचा कवी आणि गायक यांची सरमिसळ होते, तीच इथे येते. वक्ता म्हणजे त्या दिवशी बोललेली व्यक्ती, आणि तुकाराम महाराज हे अभंगाचे कर्ते. नावाआधीचे ‘ह.भ.प.’, नावामागचे ‘महाराज’, ‘बुवा’, ‘शास्त्री’ आणि गावावरून आलेले आडनाव यांमुळे एकाच माणसाची चार नावे होतात. म्हणून एक रूप ठरवून बाकीची पर्यायी नावे म्हणून जोडावीत.

भाषेच्या रकान्यात बोलण्याची भाषा लिहायची असते, ग्रंथाची नव्हे. संस्कृत श्लोकावर मराठीत बोलले तर भाषा मराठी, संकेत `mar`. सिंहस्थातल्या हिंदी प्रवचनाला `hin`. अहिराणीला `ahr` हा संकेत आहे, पण तो आयएसओ ६३९-३ या भाषासंकेतांच्या यादीतला. एमपी३ फाइलमधला भाषेचा रकाना मात्र ६३९-२ च्या यादीवर बेतलेला आहे आणि त्यात अहिराणी नाही. त्यामुळे अहिराणीची नोंद मुद्रणांच्या वेगळ्या सूचीत ठेवावी आणि फाइलच्या शेऱ्यात शब्दांत लिहावी. तिला मराठीत ढकलले तर अहिराणी कीर्तन शोधणाऱ्याला ते सापडतच नाही.

थोडी माहिती फाइलच्या आतही जावी, कारण मुद्रणे पेन ड्राइव्हवरून हातोहात फिरतात आणि सूची मागे राहते. ffmpeg या संगणक-प्रोग्रॅमच्या खालच्या आज्ञेने आवाज पुन्हा दाबला जात नाही, फक्त नोंद जोडली जाते.

```
ffmpeg -i REC_0047.mp3 -c copy \
  -metadata title="जे का रंजले गांजले : साधुलक्षण" \
  -metadata artist="वक्त्याचे नाव" \
  -metadata language="mar" kirtan-0047.mp3
```

तारीख लिहिताना तिथीसोबत इंग्रजी दिनांक द्यावाच. महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो, उत्तरेत पौर्णिमेला. त्यामुळे आपली पौष वद्य एकादशी हिंदी भाषक श्रोत्याच्या पंचांगात माघात येते आणि तो तिथेच शोधत बसतो.

टाळ-मृदंगाच्या गजरात प्रमाणाचा एखादा चरण ऐकूच येत नाही, किंवा तो कोणाचा हे नोंद करणाऱ्याला कळत नाही. अशा वेळी अंदाजाने ‘नामदेव’ किंवा ‘एकनाथ’ लिहू नये. एकदा लिहिलेले नाव पुढच्या प्रत्येक नकलेत जाते आणि ते खोडणे कठीण होते. कानावर आले तेवढे शब्द, मिनिट आणि ‘कर्ता अनिश्चित’ एवढेच लिहावे. गाथा मुखोद्गत असलेला एखादा टाळकरी त्या थोड्या शब्दांवरून उरलेला चरण सांगतो.